विभाग बदलला तरी क्रमांक तोच: नव्या आंतररुग्ण क्रमांकाबाबत कर्मचाऱ्यांसाठी खुलासा

"नवीन नंबरात विभाग आणि वर्ष घातलंय, म्हणजे पेशंट दुसऱ्या विभागात शिफ्ट झाला की नंबर बदलायचा. १ एप्रिलला सगळ्यांचे नंबर नवीन. जुन्या फायलींवर पण नवा नंबर टाकायचा. आणि नंबर जुळला की नाव विचारत बसायची गरज नाही. सगळ्या वॉर्डांना पाठवा."

वॉर्डांत फिरत असलेल्या या संदेशातली एकही सूचना प्रशासनाने दिलेली नाही. मात्र आमचे मूळ परिपत्रक चार ओळींचे होते आणि त्यात विभागाची अक्षरे नेमकी काय दाखवतात हे लिहायचे राहून गेले, त्यामुळे गैरसमजाचा काही वाटा आमच्याकडेही येतो. सांगलीच्या आपल्या रुग्णालयात सध्या दाखल असलेल्या रुग्णाचा क्रमांक असा दिसतो:

```
MED-25-04317
```

पहिली तीन अक्षरे रुग्ण ज्या विभागाखाली दाखल झाला त्या विभागाची आहेत. तो आज कोणत्या विभागात आहे हे त्यांवरून कळत नाही आणि कळावे अशी अपेक्षाही नाही. सध्याचा विभाग, वॉर्ड आणि खाट यांसाठी संगणकात वेगळे रकाने आहेत आणि रुग्ण हलवला की फक्त ते रकाने बदलायचे आहेत.

क्रमांक बदलला तर काय होईल, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, कवठे महांकाळकडचे साठीचे एक गृहस्थ गुडघेदुखीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेत होते आणि काळी शी होऊ लागली म्हणून २९ डिसेंबर २०२५ रोजी मेडिसिन विभागात दाखल झाले. त्यांना वरील क्रमांक मिळाला. ३० तारखेला दुर्बिणीतून तपासणी झाली आणि जठरातल्या व्रणातून रक्तस्राव होत असल्याचे दिसले. तो आटोक्यात येईना म्हणून ३१ तारखेला पहाटे त्यांना सर्जरीकडे हलवण्यात आले. रक्तगट आणि क्रॉसमॅचसाठीचा नमुना मेडिसिनच्या सिस्टरांनी रात्रीच घेतला होता आणि त्या नळीवर MED ने सुरू होणारा क्रमांक आहे. सर्जरी वॉर्डात मात्र कुणी 'आता हा आमचा रुग्ण' म्हणून रक्ताच्या मागणीपत्रावर SUR-25-04317 असे लिहिले, तर रक्तपेढीतला तंत्रज्ञ नळी आणि मागणीपत्र शेजारी ठेवून पाहील, दोन्हींवरचा क्रमांक जुळणार नाही आणि तो नमुना परत पाठवून नवा मागवील. त्याचे काही चुकले नाही, कारण त्याने तसेच करायचे असते. पण रक्तदाब उतरत चाललेल्या रुग्णाची पुन्हा शीर शोधून नवा नमुना घेण्यात आणि पुन्हा क्रॉसमॅच करण्यात जो वेळ जाईल, तो केवळ तीन अक्षरांपायी गेलेला असेल. प्रयोगशाळेच्या अहवालांचेही तेच होईल. रात्रीचा हिमोग्लोबिनचा अहवाल MED खाली जमा झालेला असेल आणि SUR खाली शोधणाऱ्या डॉक्टरांना पडद्यावर काहीच दिसणार नाही.

क्रमांकातले शेवटचे पाच अंक सर्व विभागांना मिळून एकाच क्रमाने दिले जातात. आंतररुग्ण नोंदवहीतला चालू अनुक्रमांकच आम्ही पुढे नेला आहे, म्हणून २०२५ मध्ये 04317 हा एकाच दाखल रुग्णाचा असतो. ओळख पटवण्याचे काम वर्ष आणि हे पाच अंक करतात, तर विभागाची अक्षरे फायलींच्या मांडणीसाठी आणि मासिक अहवालासाठी आहेत. म्हणूनच नोंदणी खिडकीवर घाईत चुकीचा विभाग पडला तरी तो वॉर्डात खोडून दुरुस्त करू नये. तो तसाच राहू द्यावा आणि रेकॉर्ड विभागाला कळवावे.

वर्षाबाबतचा गोंधळ बहुधा बिलिंगच्या पावत्यांवरून झाला असावा, कारण त्यांचे क्रमांक हिशेबाच्या वर्षाप्रमाणे एप्रिलपासून नव्याने सुरू होतात. रुग्णाच्या क्रमांकातले 25 हे दाखल झाल्याच्या कॅलेंडर वर्षाचे शेवटचे दोन अंक आहेत. वरील गृहस्थ ६ जानेवारीला घरी गेले, तरी त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर 25 च राहील. ते मार्चमध्ये पुन्हा दाखल झाले, तर त्या वेळी 26 असलेला नवा आंतररुग्ण क्रमांक मिळेल. त्यांचा कायम यूएचआयडी मात्र दोन्ही वेळी तोच असेल आणि दोन्ही फायली त्याच्याच आधारे एकत्र सापडतील. त्या क्रमांकात विभागही नाही आणि वर्षही नाही, आणि तो मुद्दामच तसा ठेवला आहे.

जुन्या फायलींना हात लावायचा नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावे लागतात आणि मागणी आल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. एमएलसीच्या फायलींचा क्रमांक तर पोलिसांच्या आणि न्यायालयाच्या पत्रव्यवहारात आधीच गेलेला असतो. अशा फायलीवर आज निळ्या पेनने नवा क्रमांक लिहिला, तर उद्या साक्षीच्या वेळी 'हे कधी लिहिले, कुणी लिहिले' या प्रश्नाला आपल्यापैकीच कुणाला तरी उत्तर द्यावे लागेल. संगणकात जुना क्रमांक टाकला तरी फाइल उघडते, त्यामुळे वर नवा लिहिण्याची गरजच उरत नाही.

आता नाव न विचारण्याविषयी. कितीही चांगला क्रमांक केला तरी तो शेवटी कुणाच्या तरी हाताने लिहिला जातो. गेल्या आठवड्यात रेकॉर्ड विभागात बसून मी नळ्यांवरची हस्तलिखित लेबले पाहिली. आपल्यापैकी अनेकांचा हात सवयीने मराठी अंक लिहितो. ०४३१७ असे घाईने लिहिले की मराठी ४ हा इंग्रजी 8 सारखा आणि मराठी १ हा 9 सारखा दिसतो, आणि प्रयोगशाळेत तो क्रमांक 08397 असा वाचला जाऊ शकतो. तसा रुग्ण यादीत नसेल तर चूक लगेच लक्षात येईल, पण असला तर अहवाल मुकाट्याने दुसऱ्याच्या फायलीत जाऊन बसेल. म्हणून नळीवर छापील लेबलच लावावे. प्रिंटर बंद असेल तर इंग्रजी अंकांत, सुरुवातीच्या शून्यासह पूर्ण क्रमांक लिहावा. 'एमईडी चार हजार तीनशे सतरा' असे फोनवर सांगू नये, एकेक अंक उच्चारावा.

आणि नाव रुग्णालाच सांगायला लावावे. "तुम्ही पाटील ना?" असे विचारले तर झोपेतला कुणीही "हो" म्हणतो, आणि आपल्याकडे एका वॉर्डात तीन-तीन पाटील असतात. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असे म्हणावे आणि मिळालेले उत्तर व क्रमांक मनगटपट्टीशी ताडून पाहावे. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल तर हेच नातेवाइकांना विचारावे. नातेवाईकही नसतील, जसे महामार्गावरच्या अपघातात होते, तर ओळख पटेपर्यंत 'अनोळखी पुरुष' किंवा 'अनोळखी स्त्री' अशी नोंद व क्रमांक असलेली पट्टी पुरेशी मानावी. ओळख पटल्यावर नाव बदलेल, क्रमांक बदलणार नाही.

मनगटपट्टीवरील क्रमांक आणि केसपेपरवरील क्रमांक यांत फरक आढळल्यास नमुना घेणे किंवा औषध देणे तिथेच थांबवावे आणि रेकॉर्ड विभागाला फोन करावा. रात्रपाळीत तिथे कुणी नसल्यास ड्यूटीवरील आरएमओंना कळवावे.