एलईडी ट्यूब बसवताना आत काहीही बघू नये

घरातली जुनी ट्यूबलाइट लुकलुकू लागली तर आपण घाबरू नये, आणि मुख्य म्हणजे विचार करू नये. विचार करणाऱ्या माणसाला चोक गेला, स्टार्टर गेला की ट्यूबच गेली, असे प्रश्न पडतात, आणि त्यांची उत्तरे पट्टीकडे घटकाभर नीट पाहिले तरी मिळत असल्यामुळे सगळी गंमतच निघून जाते. ट्यूबची दोन्ही टोके नारिंगी होऊन राहिली आहेत आणि मधला भाग अंधारातच आहे, असे दिसले तर स्टार्टर आतल्या आत चिकटला आहे हे लगेच कळते. तो पाव फेरा फिरवून बाहेर काढला की पुष्कळदा ट्यूब त्याच क्षणी पेटतेसुद्धा. टोके काळी पडली असतील आणि नवा स्टार्टर लावूनही ट्यूब पेटून पुन्हा विझत असेल, तर ट्यूबचे आयुष्य संपलेले असते. नवी ट्यूब लावताक्षणी टोकांशी लख्ख उजळून कायमची गेली, तर चोक शॉर्ट झालेला असतो, आणि तिच्यानंतर लावलेली ट्यूबही तो तितक्याच तत्परतेने खातो. इतके सोपे निदान करून कोणाचेच भले होत नाही. म्हणून आपण आधी ट्यूब बदलावी, मग स्टार्टर बदलावा, मग पुन्हा ट्यूब बदलावी आणि शेवटी वैतागून जाहीर करावे की आता एलईडीच बसवून टाकू.

काम सुरू करताना फक्त भिंतीवरचे बटण बंद करावे. एमसीबी पाडणे हे भित्र्या माणसाचे लक्षण आहे, आणि ते बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर, हे टेस्टर लावून पाहणे म्हणजे तर निव्वळ संशयीपणा.

यानंतर खरी कला सुरू होते. एलईडी ट्यूब दिसायला जुन्या ट्यूबसारखीच असते, तितकीच लांब असते आणि तिच्या दोन्ही टोकांना दोन-दोन पिनाही असतात, त्यामुळे ती जुन्या होल्डरमध्ये बिनतक्रार बसते. आणि जी वस्तू बसते ती चालणारच, हा आपल्याकडचा सर्वमान्य सिद्धान्त आहे. सरळ मेनवर चालणाऱ्या या ट्यूबमध्ये दोन जाती असतात. एका जातीत फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाच्या दोन पिनांवर द्यायचे असतात आणि दुसरे टोक केवळ आधारासाठी असते. दुसऱ्या जातीत एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल द्यायचे असते, आणि प्रत्येक टोकाच्या दोन पिना बहुधा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. कोणती ट्यूब कोणत्या जातीची आहे, हे ट्यूबच्या अंगावर किंवा खोक्यावर छोट्या आकृतीत छापलेले असते. आपण ते खोके उघडताक्षणी फाडून टाकावे.

आमच्या स्वयंपाकघरातल्या पट्टीवर ही कला अलीकडेच दोन हातांनी साकार झाली. पहिल्या वायरमनने आणलेली एलईडी ट्यूब एकाच टोकाला पुरवठा घेणारी होती, आणि तिच्या दुसऱ्या टोकाच्या दोन पिना आतून एकमेकींना जोडलेल्या होत्या. त्याने ती जुन्या चोक-स्टार्टरच्या पट्टीत तशीच चढवली, आणि ती लुकलुकू लागली. लुकलुकणार नाही तर काय करील? स्टार्टरचे काम मुळी क्षणभर जोडण्याचे आणि लगेच तोडण्याचे. जुन्या ट्यूबची टोके तापवायची, मग जोड तोडायचा आणि त्या झटक्यात चोकने ट्यूब पेटवायची, यासाठी तो बनवलेला. एलईडी ट्यूबला अखंड पुरवठा हवा असतो, आणि या बिचाऱ्याला तोडण्यावाचून दुसरे काही येत नाही. म्हणून चोकसकट चालणाऱ्या एलईडी ट्यूबसोबत स्टार्टरसारखीच दिसणारी एक डबी मिळते, जिच्यात फक्त एक फ्यूज असतो आणि जी जोड सोडत नाही. वायरमनने डबी मागितली नाही आणि चोकही काढला नाही. त्याने स्टार्टर खिशात टाकला, त्याच्या होल्डरच्या दोन वायरी ओढून एकमेकींना पीळ दिला, वरून चिकटपट्टी गुंडाळली, आणि ट्यूब लख्ख पेटली. 'चोक काढायचा नाही का?' असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, 'काका, राहू द्या, तो कुठे जेवायला मागतोय!'

हे खरे आहे, त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. एलईडी ट्यूब जुन्या ट्यूबच्या मानाने इतका कमी प्रवाह घेते की रांगेत बसलेला चोक वीज जवळजवळ खात नाही. पण बटण बंद करताना तो उलटा झटका मारतो आणि तो झटका ट्यूबच्या आतल्या ड्रायव्हरला, म्हणजे एलईडींना वीज पुरवणाऱ्या सर्किटला, सोसावा लागतो. शिवाय अनेक वर्षे तापून-तापून ज्याचे वार्निश वाळले आहे असा लोखंड-तांब्याचा गोळा, ज्याची कोणालाही गरज नाही, तो आता चिकटपट्टीच्या भरवशावर आमच्या डोक्यावर चालू राहिला होता.

काही काळाने ती ट्यूब गेली. दुसरा वायरमन आला आणि त्याने नवी एलईडी ट्यूब आणली, जी नेमकी दुसऱ्या जातीची होती: एका टोकाला फेज, दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. त्यानेही आकृती पाहिली नाही, पट्टीचे झाकण काढले नाही, ट्यूब चढवली आणि बटण दाबले. ट्यूब पेटली नाही. 'पीस खराब निघाला, उद्या बदलून आणतो,' असे म्हणून तो निघून गेला, आणि जाताना बटण चालूच ठेवून गेला, कारण जी ट्यूब पेटतच नाही तिचे बटण बंद कशाला करायचे?

आता आत काय चालले होते ते पाहा. फेज चोकमधून पहिल्या टोकाच्या एका पिनेवर आला. त्या टोकाच्या दोन्ही पिना ट्यूबच्या आतून जोडलेल्या असल्यामुळे तो दुसऱ्या पिनेवर गेला, तिथून त्या पीळ दिलेल्या स्टार्टरच्या वायरींतून पलीकडच्या टोकाला पोहोचला, तिथल्या जोडलेल्या पिनांतून सरळ न्यूट्रलला मिळाला. म्हणजे ट्यूबचा ड्रायव्हर पूर्णपणे वगळला गेला, आणि 230 व्होल्ट थेट एकट्या चोकवर पडले. चोकच्या अडथळ्यामुळे प्रवाह इतका वाढत नाही की एमसीबी पडावा. 6 अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने घरात एक सामान्य दिवा चालू होता. पण चोकला जेवढा प्रवाह सतत वाहायचा माहीत असतो त्याच्याहून बराच अधिक प्रवाह त्यातून वाहू लागला, आणि तापणे हे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट. संध्याकाळी स्वयंपाकघरात करपल्याचा वास येऊ लागला, आणि गॅसवर काहीच नव्हते. खुर्चीवर चढून पट्टीवर हात धरला तर झाकणाच्या बाहेरूनही धग लागत होती, आणि पांढऱ्या रंगावर चोक जिथे बसवला होता तिथे तपकिरी डाग उमटला होता.

एमसीबी आहे म्हणजे सगळे सुरक्षित आहे, असे आपण पुढेही मानत राहावे.

आता मला सांगा, यात अवघड काय होते? पहिल्या माणसाने झाकणाचे दोन स्क्रू काढून चोक आणि स्टार्टरचा होल्डर सोडवायचा होता, फेज आणि न्यूट्रल चांगल्या कनेक्टरने एकाच टोकाच्या होल्डरच्या दोन टर्मिनलना द्यायचे होते, दुसऱ्या होल्डरच्या वायरी पूर्ण काढून टाकायच्या होत्या, आणि पट्टीवर मार्करने लिहायचे होते की इथे पुरवठा एकाच टोकाला आहे, अमुक बाजूला. दुसऱ्या माणसाने ट्यूब चढवण्याआधी मल्टिमीटर एका टोकाच्या दोन पिनांना लावला असता आणि तो वाजला असता, तर त्या पिना आतून जोडलेल्या आहेत, म्हणजे त्या टोकाला फेज आणि न्यूट्रल एकत्र द्यायचे नाहीत, हे त्याला क्षणात कळले असते. झाकण काढले असते तर पीळ दिसला असता. यातले काहीही करायला पदवी लागत नाही. तुम्ही लोकांच्या घरात, लोकांच्या डोक्यावर जाळ बांधून निघून जाता, आणि 'पीस खराब निघाला' म्हणता! पीस चांगला होता. पीस त्याच्या आकृतीप्रमाणे हुबेहूब वागत होता. ती आकृती वाचायची तसदी घ्यायला तेवढे कोणी तयार नव्हते.

आणि पट्टीवर न लिहिण्याची ही जी बेफिकिरी आहे, तिचा तर मला विशेष संताप आहे. एकदा चोक काढून सरळ पुरवठा दिलेल्या पट्टीत, उद्या घरातल्याच कोणी माळ्यावरची जुनी साधी ट्यूब चढवली, तर एकाच टोकाला फेज-न्यूट्रल असल्यास तिच्या त्या टोकाच्या बारीकशा तारेवर, मध्ये काहीही अडथळा नसताना, अख्खे 230 व्होल्ट पडतात आणि ती तार क्षणात उडते. दोन टोकांना पुरवठा असलेल्या पट्टीत एलईडी ट्यूबचे एक टोक बसवून दुसरे टोक हातात धरलेले असेल आणि पुरवठा चालू असेल, तर हातातल्या टोकाच्या पिनांवर ड्रायव्हरमधून वीज येऊ शकते. बटण न्यूट्रलवर बसवलेले असेल, आणि जुन्या वायरिंगमध्ये ते तसे पुष्कळदा आढळते, तर बटण बंद करूनही हीच गत होते. म्हणून एमसीबी पाडा, आणि मग टेस्टर लावून होल्डरमध्ये वीज नाही याची खात्री करून घ्या. नुसते बटण खाली करून शिडीवर चढू नका, आणि शिडीवर चढलेल्या वायरमनलाही तसे करू देऊ नका. त्याने झाकण न काढताच ट्यूब चढवायला घेतली, तर त्याला खाली उतरवा. 'काका, काही होत नाही,' असे तो म्हणेल. म्हणू द्या, आणि चोक व स्टार्टरचा होल्डर काढून त्याने तुमच्या हातात दिल्याशिवाय पैसे देऊ नका.