बियाण्याचे पैसे आणि सहीची किंमत

"काका, कंपनीचा माणूस म्हणायलाय, चारी बॅगांचे पैसे परत देतो, पण फेसबुकवरचा व्हिडिओ काढा आणि तालुक्याला दिलेला अर्ज मागं घेतला म्हणून सही करा. करू का सही?"

पुतण्याचा हा प्रश्न घरच्या ग्रुपवर पडला आणि मी वाचेपर्यंत त्यावर निकालही लागून गेला होता. "पैसे मिळायलेत ना, मग कशाला वाढवायचं?" असं दादानं लिहिलं, त्याखाली सगळ्यांचे अंगठे. या एका वाक्यानं माझं डोकं फिरलं आणि अजून ताळ्यावर आलेलं नाही. आपल्या वस्तूचे पैसे परत मिळाले की आपल्याकडे उपकार झाल्यासारखं का वाटतं? मी राहतो त्या अमेरिकेतल्या कोलंबसमध्ये कॉस्टको या दुकानाच्या काउंटरवर अर्धी वापरलेली गादी परत देणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, शेजाऱ्यापाशी काय बोललास. पैसे कार्डावर येतात आणि त्याचं तोंड त्याच्याच ताब्यात राहतं.

औशाजवळच्या आमच्या गावात पुतण्यानं या जूनमध्ये चार एकरांवर सोयाबीन पेरलं. एकरी तीस किलोची एक बॅग, बॅगेला ३,४०० रुपये. पाऊस चांगला झाल्यावरच पेरलं, तरी आठव्या दिवशी ओळीत हातभर अंतरावर एखादं रोप. त्यानं व्हिडिओ केला. त्यात रान दाखवलं, बॅगेवरचा लॉट नंबर जवळून दाखवला, आणि शेवटी रागात कंपनीला "बोगस, चोर" म्हणाला. दोन दिवसांत शेजारच्या गावांतून त्याच लॉटच्या तिघांचे फोन आले. त्यांतल्या एकाची बॅग अजून फोडायची होती. कंपनीचा माणूस दारात आला तो त्यानंतर.

म्हणून मला तो व्हिडिओ महत्त्वाचा वाटतो. तो पुतण्याच्या रागासाठी राहावा असं माझं म्हणणं नाही. लॉट नंबर बाहेर असला तर ज्याची पेरणी राहिली आहे तो घरीच शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून बघतो. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असली पाहिजे. पुतण्याकडे पोत्याच्या तळाशी किलोभर बी उरलं होतं, त्यातले शंभर दाणे वहिनींनी घरात भिजवले, तर एकेचाळीस उगवले. कंपनी जे विकत घेऊ बघते आहे ते हेच आहे: पुढच्या माणसाला मिळणारी खबर. तिची किंमत ती पुतण्याच्याच पैशातून मोजायला निघाली आहे.

लातूरला वकिली करणारी माझी मावसबहीण ग्रुपवर क्वचित बोलते. तिनं दादालाही थांबवलं आणि मलाही. ती म्हणाली, व्हिडिओवर भांडत बसलात तर खरी वस्तू हातची जाईल. कंपनीनं एका कागदात तीन वेगळ्या गोष्टी बांधल्या आहेत. व्हिडिओ काढणं ही एक. तालुका तक्रार निवारण समितीकडचा अर्ज मागं घेणं ही दुसरी. आणि खाली बारीक अक्षरात "यापुढे कोणतीही मागणी राहिलेली नाही" हे वाक्य, ही तिसरी. व्हिडिओ आज काढला तर उद्या परत टाकता येतो. अर्ज मागं घेतला तर समिती रानात येणार नाही, पंचनामा होणार नाही, आणि दुबार पेरणीसाठी पाळी घातली की पुरावा मातीत गेला. तो परत कुठून आणणार?

मला हे सुचलं नव्हतं. इथं बसून मी तत्त्वाचं बोलत होतो, ती कुळव कधी फिरणार ते बघत होती.

पंचनाम्यात काय बघतात, यावर मात्र घरात जुंपली. कृषी सेवा केंद्र चालवणारा चुलतभाऊ (बी त्याच्या दुकानचं नाही) ठासून म्हणाला की ट्रॅक्टरनं पेरलं म्हणजे खोल गेलं, बियाण्याचा दोष नाही, तक्रार टिकणार नाही. त्याचं निम्मं बरोबर आहे. सोयाबीन तीन-चार सेंटिमीटरवर पडायला पाहिजे, त्याहून फार खोल गेलं किंवा वर पपडी धरली तर चांगलं बीसुद्धा वर येत नाही, आणि कंपनी हेच सांगणार. पण ओळ उकरली की फरक दिसतो. खोल गेलेल्या बियाला मोड आलेला असतो, तो वाकून मातीखाली अडकलेला सापडतो. मुळात जीव नसलेलं बी फुगून तिथंच कुजलेलं असतं. सोयाबीनची साल पातळ असते, मळणीत मार बसला किंवा साठवणीत ओल लागली की अंकुर आतच मरतो. पुतण्यानं पाच ठिकाणी उकरलं. चार ठिकाणी बी योग्य खोलीवर होतं आणि कुजलेलं होतं, पाचव्या ठिकाणी मात्र मोड अडकलेला निघाला. शिवाय बांधापलीकडच्या रानात त्याच दिवशी, त्याच ट्रॅक्टरनं पेरलेलं दुसऱ्या लॉटचं बी नीट उगवलं आहे. चुलतभाऊ त्या पाचव्या जागेवरच अडून बसला आहे.

आता पैशाचं बघू, कारण दादाचं वाक्य पैशापाशी थांबतं. बॅगांचे १३,६००. पेरणीचं भाडं एकरी ९०० प्रमाणे ३,६००. डीएपीच्या चार बॅगा, १,३५० प्रमाणे ५,४००. हे झाले २२,६००, आणि कंपनी त्यातले १३,६०० देऊन पूर्ण फेड झाली असं लिहून मागते. पेरणी लांबल्यानं उतारा घटेल तो वेगळाच. मावसबहिणीनं इथंही माझा उत्साह आवरला: खत सगळं वाया गेलं असं म्हणता येणार नाही, स्फुरद जमिनीत राहतो, समोरचा वकील ते काढेल. उत्पन्नातली घट तर सिद्ध करणं फार अवघड.

तरीही दार बंद नाही. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सांगितलं आहे की बी विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि बियाणे कायदा असला तरी तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. सगळं बी पेरून टाकलं, नमुना ठेवला नाही, एवढ्यावरून त्याची तक्रार फेटाळता येत नाही. २०१९च्या कायद्याप्रमाणे पुतण्या लातूरच्या जिल्हा आयोगात, म्हणजे स्वतःच्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो, आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने दिलेले आहेत. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, हे तीच सांगते.

मी मध्येच अमेरिकेचा दाखला दिला. युटातल्या एका जोडप्यानं वाईट अभिप्राय लिहिला म्हणून क्लियरगिअर नावाच्या कंपनीनं ३,५०० डॉलर मागितले होते. २०१४ मध्ये कोर्टानं उलट कंपनीविरुद्ध तीन लाख डॉलरहून मोठा हुकूमनामा दिला, आणि २०१६ मध्ये ग्राहकाचं तोंड बांधणाऱ्या छापील अटी रद्द ठरवणारा कायदा झाला. मावसबहिणीनं तो कायदा वाचून मला विचारलं, "हा छापील कराराला लागतो. वाद झाल्यावर दोघांनी बसून केलेल्या तडजोडीला कुठं लागतो?" नाही लागत. इथंही कंत्राटदार पैसे देताना गप्प राहण्याचा कागद पुढं करतात आणि लोक सह्या करतात. इथल्या नागपूरच्या मित्राला हे सांगितलं तर तो त्याच्या गळक्या छपराचं घेऊन बसला आणि मला सल्ला दिला की पुतण्यानं क्रेडिट कार्डवर पैसे अडवावेत. औशात बी उधारीवर येतं, दिवाळीला माल विकला की चुकतं.

आणि दादाचं खरं कारण ही उधारी आहे, हे त्यानं फोनवर सांगितलं, ग्रुपवर नाही. "कंपनी जाईल निघून. दुकानदार गावातच राहणार. पुढच्या साली खत कोण देईल? तू देशील का?" मी पैसे पाठवीन म्हणालो. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "पैशाचं नाही म्हणत मी." सातबारावर माझं नाव अजून त्याच्या नावाखाली आहे. पण ज्या दुकानाच्या पायरीवर त्याला वर्षातून दहा वेळा चढावं लागतं, तिथं मला कुणी ओळखणारही नाही. पुतण्यानं लढावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्या वाटण्यात, माझं काहीतरी अजून त्या मातीत उभं असावं ही हाव आहे हेही मला कळतं. तरी दादाचं म्हणणं मला पटत नाही. २०२०च्या खरिपात मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, ती शेतकरी तक्रारी करत राहिले म्हणून. प्रत्येकानं बॅगेचे पैसे घेऊन सही केली असती तर खंडपीठासमोर काय पोचलं असतं?

मी पुतण्याला जे लिहिलं ते असं. पंचनामा होईपर्यंत कशावरही सही नको. बिल, बॅग, तिच्यावरचं लेबल आणि उरलेलं बी जपून ठेव. समिती आली की कंपनीच्या माणसाला बोलाव, आला नाही तर तसं कागदावर घ्यायला लाव. बियाण्याचे पैसे देत असतील तर घे, पण पावतीवर लिही: "बियाण्याच्या किमतीपोटी मिळाले, उर्वरित नुकसानीचा हक्क राखून." व्हिडिओतून "बोगस" आणि "चोर" काढ, कारण बदनामीचा दावा त्या शब्दांवर येतो. रान, तारीख, लॉट नंबर आणि एकेचाळीस दाणे तसेच ठेव. पैसे मिळाले तर मिळाले असं त्याखाली लिही, ती त्यांच्याही बाजूची गोष्ट आहे. ज्या दिवशी पूर्ण नुकसान भरून देतील त्या दिवशी व्हिडिओचं तू ठरव, तेव्हा मी मध्ये पडणार नाही.

पंचनामा झाला. दुकानदार आला होता, कंपनीचा कुणी नव्हता, तशी नोंद आहे. व्हिडिओतले दोन शब्द पुतण्यानं काढले. राखीव हक्काची ओळ असलेली पावती कंपनीचा माणूस घेईना, "साहेबांना विचारून सांगतो" म्हणून गेला तो अजून आलेला नाही. म्हणजे १३,६००सुद्धा सध्या हातात नाहीत. दुबार पेरणीसाठी बी दादानं त्याच दुकानातून उधारीवर आणलं, आणि या वेळी पेरण्याआधी शंभर दाणे मोजून भिजवले.