माइल्ड की स्ट्राँग: इंदूरच्या वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «तुमचा लेख एकतर्फी वाटला. माइल्ड हायब्रिडला तुम्ही ‘नुसतं नाव’ म्हटलंत. माझ्या गाडीत मीटरवर बॅटरी चार्ज होताना दिसते, मोटरचा बाण दिसतो, मग ती हायब्रिड कशी नाही? आणि स्ट्राँगसाठी तीन-चार लाख जास्त कोण देणार? पेट्रोलमध्ये ते कधी वसूल होणार?»

‘नुसतं नाव’ हा शब्द मागे घेतो, तो चुकलाच. मोटर आहे, बॅटरी आहे, बाणही खरा आहे. पण ती मोटर एकटी चाक फिरवू शकते का, एवढंच विचारा. माइल्डमध्ये नाही. तिथे अल्टरनेटरच्या जागी पट्ट्यावर चालणारा मोटर-जनरेटर असतो. तो सिग्नलवर बंद पडलेलं इंजिन झटक्यात सुरू करतो, पिकअप घेताना थोडा हात लावतो आणि ब्रेक दाबल्यावर छोटी बॅटरी भरतो. गाडी ओढायचं काम मात्र कायम इंजिनाचंच.

म्हणजे बचत मुख्यतः सिग्नलवर होते, आणि तिला एक मर्यादा आहे. समजा पलासिया ते राजवाडा अशा रहदारीत गाडी रोज वीस मिनिटं उभी राहते. वर्षाचे 300 दिवस धरले तर 100 तास. उभ्या इंजिनाला तासाला साधारण 0.7 लिटर लागतं असं धरलं, तरी फार तर 70 लिटर वाचतील. मे महिन्यात तेही नाही, कारण या गाडीतला एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. केबिन तापली की इंजिन आपोआप सुरू होतं, किंवा बंदच होत नाही. 12 व्होल्टची मुख्य बॅटरी थकली तरी हेच होतं. एसी बंद असतानाही सिग्नलवर इंजिन थांबेनासं झालं, तर आधी ती बॅटरी तपासा. मॅन्युअल गाडीत गिअर न्यूट्रलला नेऊन क्लच सोडावा लागतो. बरेच जण पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभे राहतात आणि मग यंत्रणेला दोष देतात.

स्ट्राँग हायब्रिडची रचनाच वेगळी. मारुतीच्या ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटाच्या हायरायडरमध्ये 177.6 व्होल्टची बॅटरी आणि 80 पीएसची मोटर आहे. बॅटरी फक्त 0.76 युनिटची, म्हणजे नुसत्या विजेवर गाडी फार लांब जात नाही. तिचा उपयोग ये-जा करण्याचा: ब्रेकवर भरते, रांगेत पुढे सरकताना रिकामी होते. इंजिन सोयीच्या वेगावरच चालतं, आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर असल्यामुळे इंजिन बंद असतानाही गार हवा मिळते. शहरातला सगळा फरक इथे आहे.

आता पैशाचं. स्ट्राँग नेहमी ऑटोमॅटिकच येते, पण लोक तिची किंमत मॅन्युअलशी लावतात आणि ‘चार लाखांचा फरक’ म्हणतात. 2022 मध्ये ग्रँड व्हिटारा आली तेव्हा माइल्डची अल्फा मॅन्युअल 15.39 लाख, माइल्डचीच अल्फा ऑटोमॅटिक 16.89 आणि स्ट्राँगची अल्फा प्लस 19.49 लाख होती, सगळ्या एक्स-शोरूम. खरा फरक 2.60 लाखांचा. त्यावरचा रस्ता कर आणि विमा धरून फरक तीन लाखांचा मानू. जीएसटीत सूट नाही: 22 सप्टेंबर 2025 पासून या आकाराच्या माइल्डलाही 40 टक्के आणि स्ट्राँगलाही 40 टक्केच.

तुम्ही वर्षाला 12,000 किमी फक्त शहरात चालवता असं धरू, आणि पेट्रोल 106 रुपये. माइल्ड ऑटोमॅटिकला 12 चा ॲव्हरेज म्हटला तर 1,000 लिटर, स्ट्राँगला 20 चा तर 600 लिटर. वाचले 400 लिटर, म्हणजे 42,400 रुपये. तीन लाख वसूल व्हायला सात वर्षं. धावणं दुप्पट झालं तर साडेतीन.

हेच 12,000 किमी बायपासवरून, देवास-भोपाळ असे हायवेचे असतील, तर माइल्ड 18 देईल आणि स्ट्राँग 21. वाचतील जेमतेम 95 लिटर, दहा हजार रुपये. तीन लाखांना तीस वर्षं लागतील. एका वेगात चालणाऱ्या गाडीत ब्रेक लागत नाही, मग ब्रेकमधली वीज बॅटरीत येणार कुठून? कंपनीचे माइल्ड ऑटोमॅटिकसाठी 20.58 आणि स्ट्राँगसाठी 27.97 हे ॲव्हरेजचे आकडे मानक चाचणीचे आहेत. तुमचा मार्ग कोणता, हे त्यांना ठाऊक नसतं. त्यामुळे हायवेवाल्यांच्या बाबतीत तुमची तक्रार बरोबर आहे, माझ्या लेखात हे यायला हवं होतं.

बॅटरीची भीती असेल, तर या दोन्ही कंपन्या 8 वर्षं किंवा 1.6 लाख किमीची वॉरंटी देतात. डिकीची जागा मात्र बॅटरी खाते. प्रवासात चार बॅगा असतील, तर शोरूममध्ये त्या भरूनच बघा.

आणि टेस्ट ड्राइव्ह सकाळी मोकळ्या सुपर कॉरिडॉरवर घेऊ नका. संध्याकाळी सातला, एसी लावून, ट्रिप मीटर शून्यावर आणून, रोजच्या रस्त्याने न्या. इंजिन किती वेळ बंद राहिलं ते कानानेच कळेल. दोन्ही गाड्यांवर एकाच दिवशी करा.