९९ रुपये भरून उघडणारं बक्षीस

«अभिनंदन! स्क्रॅच कार्डवर ४,९९९ रु. कॅशबॅक लागला. ॲप टाका, ९९ रु. भरून कार्ड अनलॉक करा, ते परत मिळतात. मग यूपीआय पिन टाका, पैसे थेट खात्यात. बक्षिसावर टॅक्स भरावाच लागतो, घाबरू नका. मला मिळाले!»

आत्याने हा फॉरवर्ड पाठवून खाली विचारलं, 'खरं आहे का रे?' आणि उत्तराची वाट न बघता ॲप टाकूनही मोकळी झाली. तिचा फोन हातात घेऊन बघितला, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक भाग पिनचा. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. यूपीआय चालवणारी एनपीसीआय हे वर्षानुवर्षं सांगते आहे. पिन लागतो पैसे पाठवायला, नाहीतर शिल्लक बघायला. त्या ॲपमध्ये 'बँकेत पाठवा' असं बटण होतं. दाबल्यावर आत्याचंच नेहमीचं पेमेंट ॲप उघडलं, रक्कम आधीच भरलेली: ४,९९९. बटणामागे `upi://pay` ने सुरू होणारी लिंक असते. तिच्यात `am=4999` लिहिलं की रक्कम आपोआप येते आणि `tn=` पुढे 'कॅशबॅक' लिहिलं की शेऱ्यात तेच दिसतं. शेरा कुणीही काहीही लिहू शकतो. बघायचं ते पिनच्या पानावर: तिथे 'To' पुढे अनोळखी माणसाचं नाव होतं. पैसे तिच्याकडे येणार असते, तर ते पान उघडलंच नसतं.

ऑक्टोबर २०२५पासून व्यक्तीने व्यक्तीकडे ॲपमधून पैसे मागायची सोय, म्हणजे कलेक्ट रिक्वेस्ट, बंद झाली हे खरं, पण अशा लिंक आणि क्यूआर कोड चालूच आहेत.

९९ रुपयांबद्दल काय बोलायचं! ४,९९९ देणाऱ्याला त्यातूनच ९९ कापून ४,९०० पाठवता येत नाहीत? ते भरले की 'प्रोसेसिंग', मग 'जीएसटी', असं पुढचं कुलूप तयारच असतं.

टॅक्सचं अर्धं खरं आहे, मान्य. लॉटरीसारख्या बक्षिसावर टीडीएस असतो, ३० टक्के. पण तो १०,००० रुपयांच्या वरच्या बक्षिसाला, आणि रोख बक्षीस असेल तर देणाराच कापून सरकारकडे भरतो. गाडीसारखी वस्तू लागली तर कर आधी भरावा लागू शकतो. ४,९९९ रोख रुपयांना यातलं काहीच लागू नाही.

खऱ्या ॲपमध्येही आधी पेमेंट होतं, हेही खरं. पण ते तुमच्या वीजबिलाचं किंवा किराण्याचं, कार्ड त्यानंतर येतं. ते खरवडायला वेगळे पैसे पडत नाहीत.

'मला मिळाले' याला पुरावा काय, तर एक स्क्रीनशॉट. पुढे.

कुणी पिन टाकून बसलं असेल तर लगेच १९३० ला फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार टाका, बँकेलाही कळवा. व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक जवळ ठेवा. पिन स्वतः टाकलेला असल्यामुळे बँक तो व्यवहार तुमच्या संमतीचा धरते, म्हणून पैसे पुढच्या खात्यात अडकवता येतील तेवढ्या वेळातच काय ते होतं. ॲप काढायच्या आधी त्याचे स्क्रीनशॉट घ्या, आणि त्याला एसएमएस वाचायची परवानगी दिली होती का तेही बघा. आत्याने दिली होती.