दुकानाच्या करारासाठी तीन महिने आधी पत्र : एका प्रतिक्रियेला उत्तर

दुकानाचा करार संपण्याच्या तीन महिने आधी मालकाला नूतनीकरणाचं पत्र द्या, असं मी सुचवलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

"तुमचा सल्ला उलटा आहे. आधी पत्र दिलं की मालक सावध होतो आणि भाडं वाढवतो. गप्प राहून भाडं भरत राहावं, करार आपोआप पुढे चालतो. आणि पत्र द्यायचंच तर 'पूर्वीच्याच अटींवर' एवढं लिहिलं की झालं."

'आपोआप' चालतो तो फार तर महिन्या-महिन्याने. भाडेपट्टा संपल्यावर मालकाने भाडं घेतलं, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११६ प्रमाणे दुकानाचा पट्टा सहसा मासिक होतो, आणि तो १५ दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. शिवाय आपल्याकडे बहुतेक गाळे लिव्ह अँड लायसन्सवर असतात. तिथे हा आधारही धरता येत नाही. मुदत संपली की बसण्याचा हक्क संपला, आणि ताबा न सोडल्यास रोजचा दंड किती हे बरेचदा करारातच लिहिलेलं असतं.

म्हणून आधी जुना करार काढून नूतनीकरणाचं कलम वाचा. 'तीन महिने आधी लेखी कळवावे' असं असेल आणि तुम्ही गप्प राहिलात, तर तो हक्क हातचा जाऊ शकतो. कलमच नसेल तर पत्र ही निव्वळ विनंती. मालक नाही म्हणू शकतो. पण वह्या-पुस्तकांच्या दुकानाचा करार ३१ मेला संपत असेल, तर तो नकार मार्चअखेर कळलेला बरा. मेअखेर शाळेच्या हंगामाचा माल भरलेला असतो. तेव्हा मालक म्हणेल ते भाडं मान्य करावं लागतं. सावध होण्याचं म्हणाल, तर मुदतीची तारीख मालकाकडेही असतेच.

'पूर्वीच्याच अटींवर' यावर मात्र मी अडून बसेन. भाडं तेच की वाढीव, मुदत किती, हे मोघम राहिलं तर त्याच्या जोरावर पुढे काही मागता येत नाही. १८,००० भाडं आणि एक लाख अनामत असलेल्या गाळ्यासाठी मी असं लिहीन:

"आपला करार ३१ मे रोजी संपत आहे. १ जूनपासून ३६ महिन्यांसाठी तो नव्याने करावा, ही विनंती. भाडे पहिल्या वर्षी दरमहा १९,०००, दुसऱ्या वर्षी २०,००० आणि तिसऱ्या वर्षी २१,००० रुपये. अनामत तीच, बाकी अटी जुन्या कराराप्रमाणे. मुद्रांक व नोंदणीचा खर्च मी करीन. ३१ मार्चपर्यंत लेखी कळवावे."

वाढ आपणच सुचवली की घासाघीस त्या आकड्यापासून सुरू होते. करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर खर्चही फार नाही: तीन वर्षांचं भाडं ७,२०,०००, अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज ३०,०००, एकूण साडेसात लाखांवर पाव टक्का, म्हणजे १,८७५ रुपये मुद्रांक. नोंदणी शुल्क वेगळं.

पत्र हातोहात दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर मालकाची सही आणि तारीख घ्या. सहीला काचकूच झाली, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. मालकाचा होकार आला तरी नवा करार ३१ मेच्या आत नोंदवून घ्या.