अंगावर फक्त घड्याळ

लग्नात सासऱ्यांनी मला घड्याळ दिलं. खरं म्हणजे दोन घेतली, एक मला आणि अगदी तसंच एक स्वतःला, कारण दुकानदार दोनवर सूट देत होता. स्टीलचा पट्टा, निळी तबकडी, सेलवर चालणारं, आणि मागच्या ढक्कनावर कोरलेलं "१०० मीटर वॉटर रेझिस्टंट". ते शंभर मीटर सासऱ्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. मला पोहता येत नाही हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

नंतर कंपनीने मला जानेवारीत फिनलंडला पाठवलं, टॅम्पेरेला. हे गाव स्वतःला जगाची सौना राजधानी म्हणवून घेतं, त्यामुळे तिथे जाऊन सौना न घेणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन मिसळ न खाण्यासारखं. दुसऱ्याच शनिवारी टीमने एका तळ्याकाठच्या केबिनवर बोलावलं. बाहेर उणे अठरा. कपडे काढायच्या खोलीत सगळ्यांनी सगळं काढलं, सगळं म्हणजे सगळं, आणि मी हळूच चड्डीबद्दल विचारल्यावर मॅनेजरने इतक्या सहानुभूतीने बघितलं की मी तीही काढली. पण घड्याळ नाही काढलं. एक तर सासऱ्यांचं, दुसरं म्हणजे अंगावर काहीतरी असावं हो माणसाच्या. आणि शंभर मीटर तर आहेच.

आत भिंतीवरचा थर्मामीटर ८५ दाखवत होता. लाकडी फळ्यांच्या पायऱ्या असतात, वरच्या पायरीवर जास्त गरम, आणि पाहुणा म्हणून मला वर बसवलं. मग एकाने तापलेल्या दगडांवर डावभर पाणी टाकलं, चर्र झालं आणि जी वाफ अंगावर आली ती म्हणजे कुकरचं झाकण तोंडाजवळ उघडल्यासारखी. फिनिश लोक तिला "लोयलू" म्हणतात, मी "आई गं" म्हणालो. पाचव्या मिनिटाला मनगटाला चटका बसायला लागला, पट्ट्याचं बक्कल तापलं होतं. लाकडाच्या फळीवर उघड्या अंगाने बसता येतं कारण लाकूड उष्णता हळू सोडतं, स्टील मात्र असेल नसेल ती सगळी एकदम कातडीला देऊन टाकतं. घड्याळाचा मनगटाला चिकटलेला भाग तुमच्या रक्ताने जरा तरी गार राहतो, बक्कल आणि पट्ट्याच्या लोंबत्या कड्या तापतच जातात. शेजारच्याने घड्याळाकडे बघून भुवया उंचावल्या, मला वाटलं कौतुक.

बारा मिनिटांनी सगळे उठले आणि तसेच बाहेर, बर्फावरून चालत तळ्याकडे. तिथे बर्फात भोक पाडून शिडी लावलेली, पाणी एखाद अंशाचं. मी दोन्ही हातांनी शिडी धरून गळ्यापर्यंत आत गेलो आणि तीन सेकंदात वर आलो, त्या तीन सेकंदांत मला आमच्या कुलदैवताचं नाव आठवलं नाही. वर येऊन टॉवेल गुंडाळला आणि घड्याळ बघितलं तर तबकडी गायब. काचेच्या आतून पांढरं धुकं. पुसलं, जाईना. गेलं तेव्हा सहाच्या आकड्यापाशी काचेला आतून दोन बारीक थेंब चिकटलेले, मोहरीएवढे.

घाबरून आधी काय केलं तर फोनशी वेळ जुळवली. सेकंदाला सेकंद बरोबर! म्हणलं चला, काही झालेलं नाही. रात्री एशियन दुकानातून आणलेल्या महागड्या बासमतीच्या डब्यात घड्याळ पुरून ठेवलं, सकाळी थेंब दिसेनात, म्हणलं तांदळाने ओढून घेतलं. पुढचे तीन आठवडे ते हातात, वेळ एकदम चोख, आणि मी निवांत.

पुण्यात आल्यावर तारीख बदलायला चावी ओढली तर ती करकरली. पेठेतल्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, ढक्कन उघडलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, आणि पुण्यात हे फार वाईट लक्षण.

"सेल कुठे बदलला होता?"

म्हणलं जुलैत, स्टेशनजवळ, मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याकडे, दोन मिनिटांत करून दिला.

"दोन मिनिटांतच केलाय." त्यांनी चिमट्याने ढक्कनाचा वॉशर उचलून दाखवला. दोऱ्याएवढी काळी रबराची रिंग, ती गोल असायला हवी तर पार चपटी झालेली, वर एका जागी ढक्कनाखाली चेमटून निम्मी कापलेली. ग्रीसचा पत्ता नाही. "बरं मग घड्याळ घेऊन गेलात कुठे?" मी सांगितलं. काकांनी भिंग काढलं. "८५ मध्ये? आणि मग बर्फात? अहो पापड आहे का तो?"

मी शंभर मीटरची ढाल पुढे केली. तेव्हा काकांनी जे सांगितलं ते मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. ते शंभर मीटर म्हणजे साध्या, खोलीच्या तापमानाच्या पाण्यातल्या दाबाची परीक्षा. गरम-गार हा वेगळाच पेपर, आणि तो खोल बुड्या मारणाऱ्यांच्या घड्याळांनाही द्यावा लागतो तो फक्त ४० अंशांच्या पाण्यातून ५ अंशांच्या पाण्यात आणि परत ४० मध्ये, दहा-दहा मिनिटं. ८५ च्या वाफेचं कोणी बोललेलंच नाही.

"गरम आमटी डब्यात भरून झाकण घट्ट लावा, दुपारी ते झाकण निघतं का?" काका म्हणाले. नाही निघत, आमच्या ऑफिसात अर्धा लंच टाइम त्यातच जातो. घड्याळाचंही तेच. समजा त्या बारा मिनिटांत ते ६० अंशांपर्यंत तापलं. आतली हवा फुगली, गरम रबर मऊ पडलं, आणि कापलेल्या जागेतून थोडी हवा बाहेर निसटली, ते कोणाला कळत नाही. मग मी शिडीवरून पाण्यात. घड्याळ अगदी ५ अंशांपर्यंत आलं तर आत उरलेली हवा आकसते, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण सहाव्या हिश्श्याने कमी होतो, म्हणजे घड्याळ पावणेदोन मीटर खोल असल्यासारखं पाणी आत ढकललं जातं. तेवढ्यात रबर गारठून कडक झालेलं, आणि स्टील, काच, रबर तिघंही आपापल्या मापाने आकसतात, रबर सगळ्यात जास्त. वॉशर धड असता तर हवा बाहेरच गेली नसती आणि पाणीही ओढलं गेलं नसतं. हाच चेमटलेला वॉशर सहा महिने नळाखाली, पावसात व्यवस्थित टिकला होता कारण तिथे आत ओढणारं कोणी नव्हतं.

"पण काका, वेळ तर बरोबर होती."

यावर काका पहिल्यांदा हसले. सेलच्या घड्याळात एक क्वार्ट्झचा बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि तो बनवलेला असतो २५ अंशांच्या आसपास बरोबर चालायला. गंमत म्हणजे त्याहून गरम झालं तरी तो मागे पडतो आणि गार झालं तरी मागेच, पुढे कधीच जात नाही, आमच्या एका मेहुण्यासारखा. पण किती? ६० अंशांत अख्खा दिवस काढला तर जेमतेम चार सेकंद. माझ्या बारा मिनिटांचा हिशोब सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्याएवढा निघाला. शून्य अंशाच्या खिडकीत पडून राहिलं असतं तर रोज दोनेक सेकंद गेले असते, पण हातात, कोटाच्या बाहीखाली असलं तर मनगटच त्याला तीसेक अंशांवर ठेवतं, म्हणून उणे अठरातही ते नीट चाललं. म्हणजे मी तीन आठवडे ज्या गोष्टीवरून निवांत होतो तिचा काही संबंधच नव्हता. वेळ चोख आणि आत चावीच्या दांडीला गंज, तारखेच्या चकतीवर चहासारखे डाग.

आणि बासमती? बंद डब्यातलं पाणी बाहेरचा तांदूळ कसा ओढणार. थेंब आतच पसरून वाफ झाले आणि मशीनवर जाऊन बसले. त्याच दिवशी तिथल्याच कोणाकडून ढक्कन उघडून वाळवलं असतं तर, काका म्हणाले, वॉशरच्या पैशात सुटला असतात.

धुकं कसं ओळखायचं तेही त्यांनी सांगितलं. बाहेर थंडीत गेल्यावर काचेवर पुसट धुकं आलं आणि दोन मिनिटांत गेलं, तर ती बहुतेक ढक्कन लावताना आत कोंडलेली दमट हवा. हे मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं, म्हणजे जुलैचा पावसाळा मी मनगटावर बांधून फिनलंडला नेला होता. पण थेंब दिसले, किंवा धुकं हटेनाच, तर पाणी आत आलंय, चावी ओढायची नाही, तडक दुकान.

मशीन नवीन, वॉशर ढक्कनाचा आणि चावीचा दोन्ही नवीन, सिलिकॉन ग्रीस लावून. शेवटी काकांनी घड्याळ एका गरम पट्टीवर चाळीसेक अंशांना तापवलं, काचेवर साध्या पाण्याचा एकच थेंब ठेवला, मिनिटभर थांबले, पुसला. आत धुकं नाही. "पास," म्हणाले, आणि बिल फाडलं, त्यात मी नापास.

आता सौनाला जाताना घड्याळ कपड्यांबरोबर बाहेरच्या खुंटीवर, तेही दाराच्या फटीतून वाफ येते त्या खुंटीवर नाही. आत वेळेसाठी भिंतीवर वाळूचं घड्याळ असतंच, तेव्हा मला ते शोभेचं वाटलं होतं. घरी गिझरच्या कढत पाण्याची आंघोळ घड्याळ काढून, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचं नाही, आणि सेल बदलताना वॉशर बदलल्याशिवाय दुकानातून हलायचं नाही, मग दुकानदार कितीही वैतागो.

घरी कोणाला बोललो नाही. गेल्या रविवारी सासऱ्यांनी माझा हात धरून बघितलं. "व्वा, नव्यासारखं ठेवलंय जावईबापू तुम्ही!" म्हणलं, जपतो हो. खूश होऊन त्यांनी सगळ्यांना गाडीत घातलं आणि वज्रेश्वरीला नेलं. देवीचं दर्शन झालं, मग गरम पाण्याची कुंडं. सासरे धोतर वर खोचून पहिल्या पायरीवर, कुंडातून वाफा येतायत, आणि त्यांच्या मनगटावर तीच निळी तबकडी.

"बाबा, घड्याळ काढा."

"का?" त्यांनी मनगट उलटं करून बोट ठेवलं. "शंभर मीटर आहे. तुमचंही तेच आहे ना?"

सासूबाई, बायको, मेहुणा, सगळे माझ्याकडे बघायला लागले.