लंबगोल शिक्क्यातला देश नेमका कुणाचा?

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फोटो फिरला. लोण्याच्या पाकिटामागचा बारीक लंबगोल शिक्का, त्याभोवती लाल गोल काढलेला आणि खाली मजकूर: "पुढे आयर्लंडचं लोणी म्हणतात, मागे बघा, DE! म्हणजे दूध जर्मन. सरळ फसवणूक." संध्याकाळपर्यंत तो फोटो मला आणखी दोन ग्रुपवरून आला. मंडळातल्या एक काकू तर फोन करून विचारू लागल्या, "अगं, तू डेअरीत कामाला आहेस ना, मग आम्हाला आधी का नाही सांगितलंस?"

काकूंना फोनवर सांगितलं ते इथे नीट लिहून काढते. मी जर्मनीत दहा वर्षं राहते आणि त्यातली सहा वर्षं दूधप्रक्रियेच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. हा शिक्का पाकिटावर बरोबर उमटलाय की नाही, हे रोज सकाळी पाहणं माझ्या कामाचा भाग आहे. त्याच्याबद्दल चुकीचं काही फिरलं की मला गप्प बसवत नाही.

युरोपियन युनियनमधल्या दुधाच्या आणि मांसाच्या पाकिटांवर हा शिक्का असतो. त्यात तीन गोष्टी असतात. वर देश, बहुधा दोन अक्षरांत: जर्मनीला DE, आयर्लंडला IE, पोलंडला PL. मध्ये कारखान्याचा मान्यता क्रमांक. खाली युरोपियन समुदायाचं संक्षिप्त रूप, तेही त्या त्या देशाच्या भाषेत: जर्मनीत EG, फ्रान्समध्ये CE, आयर्लंडमध्ये EC, पोलंडमध्ये WE. २०२४ पासून त्याच्या जागी हळूहळू युरोपियन युनियनचं संक्षिप्त रूप येतंय. जर्मनीत क्रमांकाच्या आधी बहुतेक वेळा राज्याचीही दोन अक्षरं येतात. BY म्हणजे बायर्न, NI म्हणजे नीडरझाक्सन, NW म्हणजे नॉर्डराइन-वेस्टफालन. फ्रान्समध्ये क्रमांकाचे पहिले आकडे जिल्ह्यासारख्या विभागाचे असतात.

कत्तलखान्यात सरकारी पशुवैद्य तपासलेल्या जनावराच्या धडावर जो मोठा शिक्का मारतो, तो वेगळा. तोही लंबगोलच, पण किमान साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच. धडावरचा शिक्का त्या जनावराच्या तपासणीबद्दल बोलतो. पाकिटावरचा छोटा शिक्का जागेबद्दल बोलतो, आणि लोकांचा घोळ होतो तो या छोट्या शिक्क्यावरून.

मान्यता मिळते ती इमारतीला. तिथल्या फरशा, शीतगृह, पाण्याची व्यवस्था, कामाची पद्धत तपासून अधिकारी त्या जागेला क्रमांक देतात. ब्रँडला तो मिळत नाही, गाईला तर नाहीच. आणि नियम असा आहे की माल दुसऱ्या मान्यताप्राप्त कारखान्यात गेला, तिथे त्याचं वेष्टन काढून तो पुन्हा बांधला किंवा त्यावर आणखी प्रक्रिया झाली, की नव्या पाकिटावर त्या दुसऱ्या कारखान्याचा शिक्का यायलाच हवा. म्हणजे तुमच्या हातातल्या पाकिटावरचा देश हा मालाला शेवटचा हात लागला त्या कारखान्याचा देश.

आता ते लोण्याचं पाकीट घ्या. आयर्लंडमधल्या गाई, तिथलंच दूध, तिथल्याच कारखान्यात घुसळून निघालेलं लोणी. ते २५ किलोच्या ठोकळ्यांत, खोक्यात भरून निघतं. खोक्यावर IE असलेला शिक्का असतो आणि तो खरा असतो. खोकं जर्मनीतल्या कारखान्यात पोचतं, तिथे ठोकळा मऊ करून यंत्रातून २५० ग्रॅमच्या वड्या पडतात आणि त्यांना सोनेरी कागद लागतो. त्या कागदावर DE छापणं कायद्याने बंधनकारक आहे. IE असलेलं खोकं तिथेच रद्दीत जातं. गिऱ्हाइकाला तो पहिला शिक्का कधीच दिसत नाही. फोटोतल्या पाकिटावरचा "आयरिश" हा शब्द आणि शिक्क्यातलं DE, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. त्या फोटोवरून फसवणूक सिद्ध होत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती उलट्या बाजूची. DE पाहून निर्धास्त होणारे लोक मी रोज पाहते. "इथलंच आहे, शेतकऱ्याला पैसे मिळतील" म्हणून ते किसलेल्या चीजचं पाकीट उचलतात. चीजचा गोळा दुसऱ्या देशातून आलेला असू शकतो. इथे तो फक्त किसून पिशवीत भरला, तरी शिक्का इथलाच लागतो. सलामीचंही तसंच. शिक्क्यात IT आहे म्हणजे सलामीला शेवटचा हात इटलीतल्या कारखान्यात लागला. डुक्कर कुठल्या देशात वाढलं, याबद्दल तो शिक्का एक अक्षर बोलत नाही.

अंड्यांशी तुलना करून पाहा, लगेच लक्षात येईल. अंड्याच्या कवचावर थेट छापलेला क्रमांक असतो. पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो, ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे मोकळ्यावर, २ म्हणजे बंदिस्त जमिनीवर, ३ म्हणजे पिंजऱ्यात. पुढे देश, आणि मग शेताचा क्रमांक. तिथला देश खरोखर कोंबडीचा देश आहे. खोक्यावर मात्र अंडी बांधणाऱ्या केंद्राचा क्रमांक असतो, आणि ते केंद्र दुसऱ्या देशात असू शकतं. म्हणून मी नेहमी सांगते, खोकं उघडा आणि अंडं वाचा.

ताज्या बीफच्या पाकिटावरही असंच उघड लिहिलेलं असतं. जनावर जन्मलं कुठे, वाढलं कुठे, कापलं कुठे आणि मांसाचे तुकडे केले कुठे, सगळं ओळीने. शेवटच्या दोन ठिकाणांचे मान्यता क्रमांकही असतात. मॅड काउच्या संकटानंतर २००० साली हा कायदा आला. डुक्कर, मेंढी, शेळी आणि कोंबडी यांच्या ताज्या मांसावर १ एप्रिल २०१५ पासून निदान "कुठे वाढलं" आणि "कुठे कापलं" हे लिहावं लागतं. पण मांसाची सलामी झाली की ही सक्ती संपते. आणि दुधाला तर सगळ्या युरोपभर लागू होणारी अशी सक्तीच नाही. म्हणून दूधवाल्या पाकिटावर लोक देश शोधतात, त्यांना तो लंबगोलात सापडतो, आणि ते त्यालाच उगम समजून बसतात. लोकांचं चुकतं असं मला वाटत नाही. पाकिटावर देशाचं तेवढंच एक चिन्ह छापलेलं असेल, तर माणूस तेच वाचणार.

मग हा शिक्का कशासाठी? त्याची खरी किंमत २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कळली. हेसन राज्यातल्या विल्के नावाच्या सॉसेज कारखान्याच्या मालात लिस्टेरिया हे घातक जिवाणू सापडले. कारखाना बंद झाला आणि जगभर पाठवलेला माल परत बोलावला गेला. अडचण अशी होती की तो माल कितीतरी वेगवेगळ्या नावांनी विकला जात होता. ज्या ब्रँडचं पाकीट घरात आहे, त्यावर विल्के हा शब्दही नसायचा. म्हणून अधिकाऱ्यांनी लोकांना एकच गोष्ट शोधायला सांगितली, लंबगोलातला DE EV 203 EG हा क्रमांक. (EV ही जुन्या पद्धतीच्या क्रमांकातली अक्षरं, त्यामुळे त्यात राज्याची अक्षरं नव्हती.) ब्रँड कुठलाही असो, हा क्रमांक दिसला की पाकीट फेकायचं. फ्रीज उघडून लोकांना दोन मिनिटांत उत्तर मिळत होतं. ज्यांनी काउंटरवरून सुटं सॉसेज कापून घेतलं होतं किंवा कँटीनमध्ये खाल्लं होतं, त्यांच्याकडे मात्र वाचायला काही नव्हतं, कारण दुकानात सुट्या विकलेल्या तुकड्यावर हा शिक्का नसतो. त्या आठवड्यात हा फरक मला फार आत लागला.

तुम्हाला स्वतः शोधायचं असेल तर ते अवघड नाही. प्रत्येक देशाच्या मान्यताप्राप्त कारखान्यांची यादी इंटरनेटवर आहे, जर्मनीची BVL या केंद्रीय कार्यालयाच्या संकेतस्थळावर. क्रमांक टाकला की नाव, गाव आणि कामाचा प्रकार दिसतो. कामाच्या प्रकाराची दोन अक्षरं जरूर वाचा. SH म्हणजे कत्तलखाना, CP म्हणजे मांस कापण्याची जागा, PP म्हणजे प्रक्रिया, RW म्हणजे नुसतं पुन्हा बांधणं. एखाद्या कारखान्यापुढे फक्त RW दिसलं, तर त्या कारखान्याचा पदार्थ बनवण्याशी संबंध नाही, हे लगेच कळतं. कधी पाकिटावर शिक्क्याऐवजी "झाकणावर पाहा" असं लिहिलेलं असतं. एकच छापील वेष्टन अनेक कारखाने वापरतात तेव्हा असं करतात. तिथे झाकण फेकण्याआधी वाचा.

ब्रिटनमधल्या आपल्या नातेवाइकांसाठीही एक ओळ. ब्रेक्झिटनंतर तिथल्या शिक्क्यातून EC गेलं, आता तिथे GB किंवा UK असतं. उत्तर आयर्लंडच्या कारखान्यांवर मात्र UK(NI) आणि त्याखाली EC असं दिसतं, कारण तिथे या बाबतीत युरोपचे नियम लागू राहिले. ते पाहून छापण्यात चूक झाली असं समजू नका.

घरी महाराष्ट्रात असलेल्यांना हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. आपल्या पाकिटावरचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांकही परवानाधारकाचा असतो. राज्याच्या परवान्यात दुसरा आणि तिसरा आकडा राज्याचा, म्हणून महाराष्ट्राचे परवाने ११५ ने सुरू होतात. केंद्राच्या परवान्यात त्या जागी दोन शून्यं येतात. त्यावरूनही दूध कुठल्या गावातल्या म्हशीचं, हे कळत नाही. आणि "बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतात बनला" हा फॉरवर्ड तर आणखी चुकीचा, ८९० फक्त भारतीय बारकोड संस्थेकडे कंपनीची नोंदणी आहे एवढंच सांगतो.

माझं स्पष्ट मत असं आहे की दुधाचा देश पाकिटावर लिहिणं सक्तीचं व्हायला हवं, आणि तो शिक्क्यापासून वेगळा, मोठ्या अक्षरांत. "ते शक्य नाही, दूध मिसळतं" असं आमच्या क्षेत्रातले लोक म्हणतात. मिसळतं, हे खरं. पण कुठल्या टँकरमध्ये कुठल्या शेतांचं दूध आलं, याची नोंद आमच्याकडे रोज ठेवली जाते, मी ती पाहते. दोन देशांचं मिसळलं असेल तर दोन नावं लिहा. १ एप्रिल २०२० पासून एक नियम आहे की पाकिटावर पुढे एका देशाची बढाई मारली आणि मुख्य घटक दुसऱ्या देशाचा असेल, तर तसं सांगावं लागतं. पण नोंदणीकृत ट्रेडमार्क आणि संरक्षित भौगोलिक नावं त्यातून वगळली आहेत, आणि पुढे काहीच न लिहिणाऱ्याला तर तो लागूच होत नाही. डोंगर आणि गाईचं चित्र असलेला ट्रेडमार्क अशा तऱ्हेने सुटतो.

तो लोण्याचा फोटो अजून ग्रुपवर आहे. काकूंनी त्याखाली काल स्वतःच लिहिलं, "DE म्हणजे पॅकिंग जर्मनीत. दुधाचं उत्तर यावर नाही." आणि लगेच दुसरा प्रश्न टाकला: शनिवारच्या श्रीखंडासाठी जो चक्का त्या घेतात, त्याच्या झाकणावरचा क्रमांक. मी आज रात्री यादीत पाहून त्यांना कळवते.